'पॉवर आहे की माझ्याकडं!' पण ती चालू आहे का? मुखत्यारपत्रानं काय करता येतं आणि ते कधी संपतं

जमिनीच्या, प्लॉटच्या कुठल्याही भानगडीची बातमी काढा, त्यात 'वटमुखत्यारपत्राच्या आधारे' हे शब्द कुठंतरी असतातच. कुणी मयत माणसाच्या नावची पॉवर दाखवून प्लॉट विकला, कुणी भावाच्या पॉवरवर जमीन स्वतःच्याच बायकोच्या नावानं केली. मग बातमी वाचून कट्ट्यावर वाद सुरू होतो, "पण त्याच्याकडं रजिस्टर पॉवर होती की, मग गुन्हा कसला?" कोर्टकचेरीच्या कामात असल्यानं हा प्रश्न माझ्याकडंही सारखा येतो, आणि विचारणारे काही अडाणी नसतात, रिटायर्ड मास्तर, बँकेतले लोक, स्वतः दोनचार प्लॉट घेतलेले विकलेले लोक असतात. त्यांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. पॉवरनं काय काय करता येतं हे सगळ्यांना साधारण माहीत असतं, पण ती कधी आपोआप संपते हे माहीत नसतं. म्हणून पहिला भाग थोडक्यात सांगतो आणि दुसऱ्यावर जरा जास्त थांबतो.

आधी दोन माणसं नीट ओळखू

मुखत्यारपत्र म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला लेखी दिलेला अधिकार, की माझ्या वतीनं, माझ्या नावानं तू ही ही कामं कर. अधिकार देतो त्याला आपण इथं 'देणारा' म्हणू आणि ज्याला मिळतो तो 'मुखत्यार'. एकाच कामापुरतं असेल तर खास मुखत्यारपत्र, बरीच कामं एकत्र असतील तर कुलमुखत्यारपत्र, आणि आपल्याकडं बोलताना दोन्हीला नुसतं 'पॉवर' म्हणतात, तसंच पुढं म्हणतो. यासाठी १८८२ चा एक छोटासा कायदा आहे, पण खरे नियम १८७२ च्या करार कायद्यात आहेत, एजंट आणि मालक यांच्या प्रकरणात. पॉवर देऊन मालकी जात नाही, मालक देणाराच राहतो. मुखत्यार जी सही करतो ती कायद्याच्या नजरेत देणाऱ्याची सही असते.

मोबाईलचा हॉटस्पॉट असतो ना, तसं धरून चला. नेट माझं, रिचार्ज माझा, तू फक्त जोडलायस. मी हॉटस्पॉट चालू ठेवून स्वतःही नेट वापरू शकतो, मला वाटलं तर बंद करू शकतो, आणि माझा फोनच बंद पडला तर तुझ्याकडचा फोन कितीही भारी असू दे, तुझं नेट गेलं. तोवर जे डाऊनलोड झालंय ते मात्र तुझ्याकडं राहतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

मुखत्याराला काय काय करता येतं?

कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच, आणि ते वाचताना कोर्ट हात आखडता ठेवून वाचतं. 'मिळकतीची देखभाल करणे, भाडे वसूल करणे, कर भरणे, सरकारी ऑफिसात अर्ज देणे' एवढंच लिहिलं असेल तर त्यातून विकायचा अधिकार निघत नाही, शेवटी 'व इतर सर्व अनुषंगिक कामे करणे' अशी लांबलचक ओळ असली तरी निघत नाही, कारण त्या ओळीचा अर्थ वरच्या कामांना लागून येणारी किरकोळ कामं एवढाच घेतात. विकायचा अधिकार असेल म्हणून बक्षीसपत्र करता येत नाही, आणि विक्रीचे पैसे स्वीकारायचा अधिकार असेल तर तोही स्पष्ट लिहिलेला बरा. कर्ज काढून मिळकत गहाण टाकायची असेल तर 'गहाण' हा शब्द तिथं पाहिजे.

काही गोष्टी तर लिहूनही देता येत नाहीत. देणाऱ्याचं मृत्युपत्र मुखत्यार करू शकत नाही, त्याच्या वतीनं मतदान करू शकत नाही, आणि कोर्टात देणाऱ्याला जे स्वतः माहीत आहे त्याची साक्ष त्याच्याऐवजी देऊ शकत नाही. हे साक्षीचं सुप्रीम कोर्टानं २००४ साली एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलंय, म्हणजे मुखत्यारानं स्वतः केलेल्या व्यवहाराबद्दल तो बोलू शकतो, पण 'मालकाच्या मनात काय होतं, त्यानं पैसे कुठून आणले' हे मालकानंच पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं. तसंच मुखत्यार आपलं काम परस्पर तिसऱ्याला सोपवू शकत नाही, कागदात तशी मुभा असेल किंवा त्या धंद्याचा तसा रिवाजच असेल तर गोष्ट वेगळी.

आणि हिशेब. देणाऱ्यानं मागितला की हिशेब द्यायचा हे मुखत्याराचं कायदेशीर कर्तव्य आहे. घरातल्या घरात "माझ्याकडं हिशेब मागतोस व्हय?" म्हणून रुसवेफुगवे होतात, पण मागणाऱ्याचा तो हक्क आहे. शिवाय मुखत्यारानं देणाऱ्याला न सांगता ती मिळकत स्वतःला किंवा आपल्याच माणसाला विकली आणि महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा देणाऱ्याचं नुकसान झालं, तर देणारा तो व्यवहार झुगारू शकतो. बायकोच्या नावानं केलेल्या खरेदीपत्राचं गाडं बहुतेक इथंच अडकतं.

एक खर्चाची गोष्ट, कारण फसगत इथंही होते. स्थावर मिळकत विकायची पॉवर बिनमोबदला, आईवडील, भाऊबहीण, नवराबायको अशा जवळच्या नातेवाइकाला दिली तर मुद्रांक ठराविक ५०० रुपये. तीच पॉवर परक्या माणसाला दिली तर महाराष्ट्रात तिला खरेदीपत्राइतकंच मुद्रांक शुल्क आहे. म्हणून कुणी "५०० च्या स्टँपवर करून टाकू की पॉवर" म्हणत प्लॉटचे सगळे पैसे देऊन पॉवर हातात देत असेल तर तिथंच थांबा.

आता एक प्रकरण तारखांसकट बघू

नावं बनवलेली आहेत, पण असंच्या असं रोज घडतं. सुमनअक्का, वय ७४, नवरा वारल्यावर पुण्याला मुलीकडं राहायला गेल्या. कळंब्याच्या बाजूला त्यांच्या नावावर दोन गुंठ्यांचा प्लॉट. सारखं कोल्हापूरला येणं जमत नाही म्हणून त्यांनी जानेवारीत धाकटा भाऊ विलास याला दुय्यम निबंधकापुढं रीतसर पॉवर करून दिली, विकायचा, साठेखत म्हणजे पुढं विकायचा लेखी करार करायचा, पैसे स्वीकारायचा अधिकार स्पष्ट लिहून. मार्चमध्ये विलासनं गिऱ्हाईक बघितलं, ३० लाखाला व्यवहार ठरला, नोंदणीकृत साठेखत झालं, ५ लाख विसार मिळाला, खरेदीपत्र सहा महिन्यांत करायचं ठरलं. जूनमध्ये अक्का गेल्या. ऑगस्टमध्ये गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर झालं आणि त्याचा फोन आला, कधी करायचं खरेदीपत्र?

विलास म्हणतो, "पॉवर हाय न्हवं माझ्याकडं, रजिस्टर हाय, अक्काचीच इच्छा होती. करून टाकू." भाच्याभाचींनाही त्यात काही वाटत नाही, मामा चांगला आहे, पैसे देणार आहे. कुणाच्या मनात पाप नाही. तरीही हे खरेदीपत्र विलासला करता येत नाही.

करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की देणारा वारला की अधिकार संपला. ज्या क्षणी अक्का गेल्या त्या क्षणी प्लॉट त्यांच्या वारसांचा झाला, आणि वारसांनी तर विलासला काही लिहून दिलेलं नाही. माणूस गेल्यावर त्याची सही कुणी करायची? तो करू शकत नाही ते त्याचा मुखत्यारही करू शकत नाही.

मग मार्चमधलं साठेखत? ते उभं राहतं, कारण तेव्हा अक्का हयात होत्या आणि अधिकार चालू होता. विलासनं केलेला तो करार अक्कांनीच केल्यासारखा आहे आणि त्यांच्या पश्चात तो वारसांवर बंधनकारक आहे. म्हणजे गिऱ्हाइकाचे ५ लाख बुडत नाहीत आणि व्यवहारही मोडत नाही, फक्त सही करणारे बदलतात. मुलगा आणि मुलगी यांनी मृत्यूचा दाखला काढायचा, वारसनोंद करून घ्यायची, सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर आपली नावं लावून घ्यायची आणि खरेदीपत्रावर 'लिहून देणार' म्हणून स्वतः सही करायची. पुण्याहून येणं जमत नसेल तर त्यांनी मामाला नवी पॉवर द्यायची. फार तर महिना दोन महिने उशीर. आणि वारसच नाही म्हणाले तर साठेखताच्या जोरावर गिऱ्हाईक दावा लावू शकतो, त्याला तीन वर्षांची मुदत आहे, खरेदीपत्राची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून आणि नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून.

"पण ऑफिसात कुणाला कळतंय?"

हे ऐकायला मिळतंच. ऑफिसात कळत नाही हे खरं आहे, दुय्यम निबंधकाकडं देणारा हयात आहे की नाही हे दाखवणारा काही पडदा नसतो. म्हणूनच मुखत्यार दस्त नोंदवायला गेला की त्याच्याकडून एक घोषणापत्र घेतात. फाईलमध्ये तो एक साधा पानभर कागद असतो, लोक न वाचता सही करतात. त्यात लिहिलेलं असतं की लिहून देणाऱ्यानं हे कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, लिहून देणाऱ्यांपैकी कुणीही मयत नाही, आणि इतर कुठल्याही कारणानं ते रद्दबातल झालेलं नाही. पुढं असं की हे कथन खोटं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली शिक्षेला मी पात्र राहीन. ती शिक्षा सात वर्षांपर्यंतची आहे. अक्का गेलेल्या माहीत असताना विलासनं त्या कागदावर सही केली की चांगल्या मनानं केलेलं काम फौजदारीत गेलं. पुढं मागं भाच्याचं आणि मामाचं बिनसलं, की पहिल्यांदा हाच कागद बाहेर येतो.

घेणाऱ्यानंही हे बघायला पाहिजे. पॉवरवर प्लॉट घेत असाल तर देणाऱ्याशी व्हिडिओ कॉलवर का होईना, बोला. चेक देणाऱ्याच्या खात्यावर द्या, मुखत्याराच्या नव्हे. मुखत्यार म्हणाला की "त्यांची तब्येत बरी नाही, बोलता येत नाही त्यांना", तर मग व्यवहार तिथंच थांबवून चौकशी करा, का ते अजून थोडं खाली येईल.

"मला माहीतच नव्हतं की ते गेलेत" असं असेल तर?

यावर कायदा बराच समजूतदार आहे. कलम २०८ म्हणतं की अधिकार संपला ही गोष्ट मुखत्याराच्या बाबतीत त्याला कळेल तेव्हा लागू होते, आणि बाहेरच्या माणसाच्या बाबतीत त्या बाहेरच्याला कळेल तेव्हा. कायद्यातच उदाहरण दिलंय: मालकानं एजंटाला सांगितलं, अमक्याला पैसे दे. मालक वारला. एजंटाला ती बातमी पोचायच्या आत त्यानं पैसे देऊन टाकले. ते देणं वारसांवरही बंधनकारक. १८८२ च्या कायद्यातही असंच आहे, की मृत्यूची किंवा रद्द केल्याची माहिती नसताना मुखत्यारानं सद्भावनेनं पैसे दिले तर त्याच्यावर जबाबदारी नाही.

म्हणून अक्का सकाळी पुण्यात गेल्या, फोन लागला नाही, आणि दुपारी विलास दस्त नोंदवून मोकळा झाला, असं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण अंत्यविधीला जाऊन आलेल्या माणसानं ऑगस्टमध्ये हे म्हणायचं नाही. गिऱ्हाइकाला खरोखर माहीत नसेल तर तो या कलमाचा आधार घेऊ शकतो, पण 'मला माहीत नव्हतं' हे कोर्टात शाबीत करता करता वर्षं जातात आणि तोवर त्या प्लॉटवर बँक एक रुपया कर्ज देत नाही.

"आमच्या पॉवरमध्ये 'कायमची, रद्द न होणारी' असं लिहिलंय!"

लिहिलंय म्हणून ती तशी होत नाही. कायदा एकच अपवाद देतो, कलम २०२: ज्या मिळकतीबद्दल अधिकार दिलाय तिच्यात मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्याच्या नुकसानीला जाईल असा तो अधिकार संपत नाही, देणाऱ्यानं रद्द करूनही नाही आणि देणारा वारला तरी नाही. म्हणजे मी तुम्हाला १० लाख देणं लागतो आणि तुम्हाला लिहून दिलं, की माझी जमीन विका आणि त्यातून आधी तुमचे १० लाख वळते करून घ्या. हा अधिकार तुमच्या पैशाच्या संरक्षणासाठी दिलाय, तो मला मनाला येईल तसा मोडता येत नाही. नुसतं कमिशन मिळणार आहे, किंवा कष्ट केलेत, किंवा भाऊ आहे, हा हितसंबंध नव्हे.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं बेंगळुरूच्या एका प्लॉटचा निकाल दिला, तो या बाबतीत डोळे उघडणारा आहे. मालकानं १९८६ मध्ये पैसे घेऊन साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून दिलं. मालक १९९७ मध्ये वारला. पॉवरवालीनं १९९८ मध्ये त्या पॉवरवर आपल्याच मुलाला खरेदीपत्र करून दिलं. म्हणणं असं की आम्ही पैसे दिलेत, आमचा हितसंबंध आहे, पॉवर मरत नाही. कोर्टानं कागद वाचला तर त्यात साधे देखभालीचे आणि विक्रीचे अधिकार, मुखत्याराच्या हितासाठी ते दिलेत असं काही नाही. कागदाचं नाव काय आहे याला महत्त्व नाही, आत काय लिहिलंय ते बघू, असं म्हणून कोर्टानं ती पॉवर मालकाबरोबरच संपली असं ठरवलं आणि १९९८ चं खरेदीपत्र गेलं. पैसे खरे दिले होते, तरी.

त्याच्या आधी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं होतं की साठेखत, पॉवर आणि मृत्युपत्र असा तिहेरी गठ्ठा करून मालकी मिळत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीपत्रच लागतं. इतकी वर्षं झाली तरी उपनगरात अजून "पॉवरवर प्लॉट आहे, स्वस्तात जातोय" चालूच आहे, काय म्हणायचं. स्वस्त का आहे हे त्या तीन कागदांतच लिहिलेलं असतं.

देणाऱ्यालाच रद्द करायची असेल तर?

वरचा अपवाद सोडला तर देणारा कधीही रद्द करू शकतो, कारण सांगायची गरज नाही. पण "मी फोनवर सांगितलं त्याला, आजपासून बंद" एवढ्यानं भागत नाही, कारण वर बघितलं तसं बाहेरच्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरती ती चालूच. म्हणून पॉवर जिथं नोंदवली त्याच ऑफिसात रद्दलेख नोंदवायचा, मुखत्याराला रजिस्टर पोस्टानं नोटीस द्यायची आणि तिची पोच जपून ठेवायची, मूळ कागद परत मागायचा, बँकेला, सोसायटीला, भाडेकरूला, ज्यांच्याशी तो तुमच्या वतीनं वागत होता त्या सगळ्यांना लेखी कळवायचं आणि इथल्या पेपरात जाहीर नोटीस द्यायची. रद्द करायच्या आधी त्यानं जे करून ठेवलंय, समजा साठेखत, ते मात्र तुम्हाला पाळावं लागतं.

कधी कधी न बोलताही रद्द होते. अक्कांनी विलासला प्लॉट विकायची पॉवर दिली आणि नंतर स्वतःच येऊन तो दुसऱ्याला विकला, तर पॉवर तिथंच संपली, वेगळा कागद लागत नाही. ठरलेलं काम पूर्ण झालं, मुदत संपली, मुखत्यारानंच "मला जमत नाही" म्हणून सोडलं, मुखत्यार वारला (त्याच्या मुलाकडं ती वारशानं जात नाही, असे दावेही बघितलेत), किंवा देणाऱ्याचं दिवाळं कोर्टानं जाहीर केलं, या सगळ्यांत ती संपते. पाच भावंडांनी मिळून एकाच कागदावर पॉवर दिली आणि त्यातला एक गेला, तर त्याच्या हिश्श्यापुरते त्याचे वारस आणावे लागतात, आणि त्या घोषणापत्रातलं 'लिहून देणाऱ्यांपैकी कुणीही मयत नाही' हे वाक्य मग खरं राहत नाही.

आणि सगळ्यात अवघड: माणूस आहे, पण भान नाही

कलम २०१ मध्ये मृत्यूच्या शेजारीच लिहिलंय, देणारा किंवा मुखत्यार 'वेडसर' झाला तरी अधिकार संपतो. कायद्याची भाषा दीडशे वर्षांची आहे, आज याचा अर्थ डिमेन्शिया, मेंदूला मोठा मार बसणं, कोमा, म्हणजे माणसाला व्यवहार समजत नाही आणि त्यातलं आपलं भलंबुरं ठरवता येत नाही अशी अवस्था.

आता घराघरांत काय चाललंय बघा. "बाबांना हल्ली विसरायला होतंय, पुढं जास्त झालं तर कामाला येईल म्हणून आत्ताच पॉवर करून ठेवू." कामाला येणार म्हणून करतात, आणि ज्या दिवशी खरी गरज पडते, बाबांना पोरगा ओळखू येत नाही, नेमकी त्याच दिवशी ती कायद्यानं संपलेली असते. इंग्लंडमध्ये यासाठी वेगळं पत्र असतं, देणाऱ्याची समज गेल्यावरही टिकणारं. आपल्या कायद्यात तशी सोय नाही, कागदात 'मी बेशुद्ध किंवा अक्षम झालो तरी चालू राहील' असं ठळक टाईपात लिहून घेतलं तरी नाही.

इथं एक फरक नीट समजून घ्या, नाहीतर उगीच घाबराल. शरीर थकणं म्हणजे समज जाणं नव्हे. अर्धांगवायूनं हात चालत नाही, बोलणं अडखळतं, पण विचारलं तर "प्लॉट विकायचा, पैसे माझ्या खात्यावर" हे कळतं आणि मान हलवून सांगता येतं, तर पॉवर चालू आहे आणि नवीही देता येते. येता येत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवू शकतात, अर्ज आणि फी भरून, अंगठा चालतो. बँकेतही अंथरुणावरच्या खातेदाराला दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, अंगठा लावून पैसे काढता येतात. आठवण अधूनमधून जाणाऱ्या माणसानं ज्या वेळी समज ठीक आहे त्या वेळी केलेला दस्तही कायद्याला चालतो, फक्त त्या दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून ठेवा, कारण पुढं कुणीतरी शंका घेणारच.

म्हणून विसरायला सुरुवात झालीय असं वाटतंय त्या काळातच, बाबांना विचारून, ज्या गोष्टी पॉवरवर अवलंबून राहणार नाहीत त्या करून घ्यायच्या. मृत्युपत्र त्यांच्याच हातानं, पॉवर जिथं संपते तिथून ते सुरू होतं. दवाखान्याच्या खर्चाचं खाते जोडखातं करायचं, 'दोघांपैकी कुणीही' चालवेल असं. जमीन विकायचीच असेल तर साठेखतावर न थांबता खरेदीपत्रापर्यंत जायचं.

वेळ निघून गेली असेल तर?

मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मोठ्या माणसाचा पालक, ऐकायला विचित्र वाटतं. अशा कोमातल्या किंवा समज हरवलेल्या माणसाच्या मिळकतीसाठी ठराविक कायदा तोकडा पडतो, २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा उपचारांबद्दल बोलतो, मिळकतीबद्दल नाही. म्हणून लोक हायकोर्टात रिट याचिका करतात आणि मुंबई हायकोर्टानं अशा प्रकरणांत बायकोला, मुलाला पालक नेमलेलं आहे. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची, ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, त्यामुळं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या माणसाचं ते काम इथंच होऊ शकतं.

याचिकेला डॉक्टरांचे कागद लागतात, सगळ्या जवळच्या नातेवाइकांची संमती किंवा त्यांना नोटीस, मिळकतींची आणि खात्यांची यादी, आणि पैसा कशासाठी पाहिजे त्याचा हिशेब. कोर्ट बहुतेक वेळा स्वतःच्या बाजूनं वैद्यकीय तपासणी करून घेतं आणि खरंच समज गेलीय का ते बघतं. नेमणूक झाली म्हणजे मोकळं रान नाही, कोर्ट हिशेब मागवू शकतं आणि घर किंवा जमीन विकायची तर आदेशात तसं स्पष्ट पाहिजे, नसेल तर पुन्हा परवानगी घ्यायला जावं लागतं. एक पोरगा पुण्यात, एक अमेरिकेत, लेक इचलकरंजीत, आणि तिघांचं एकमत नसेल तर यात किती वेळ जाईल ते सांगायला वकील लागत नाही. आणि तोवर जुन्या पॉवरवर कुणी सह्या करत बसला असेल तर त्यातली प्रत्येक सही पुढं वादात येते, म्हणून पालक नेमायचा अर्ज टाकायच्या आधी ती पॉवर वापरणं थांबवा आणि कुठल्या तारखेपर्यंत काय काय केलंय ते कागदावर मांडून वकिलाकडं न्या.